पांढरा चट्टा आणि आखडलेलं तोंड : दुखायच्या आधी बघायचं कसं

आज आपण तोंडाच्या आत काय बघायचं, ते बोलणार आहोत. आपल्या भागात सकाळी चुलीपुढं बसून मशेरी लावणाऱ्या बायका घरोघर आहेत. दुपारी टपरीवर उभी राहून माव्याची पुडी चोळणारी पोरं गावोगाव आहेत. जेवल्यावर सुपारीचं खांड तोंडात टाकणारे तर मोजायलाच नकोत. या सगळ्यांच्या तोंडात हळूहळू काही बदल होत असतात, आणि ते होत असताना बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही, आणि कुणी बघेपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून आज दोनच खुणा नीट समजून घेऊ. एक म्हणजे पांढरा चट्टा, आणि दुसरी म्हणजे तोंड पुरतं न उघडणं.

या दोन्ही खुणा एकच आजार आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. त्यांची कारणं थोडी वेगळी आहेत, आणि सोडल्यावर काय होतं हेही वेगळं आहे. हा फरक कळला की लवकर बघायचं कशासाठी, ते वेगळं सांगावं लागत नाही.

आधी पांढरा चट्टा घेऊ. तंबाखू किंवा मशेरी आपण रोज तोंडात एकाच जागी धरतो. कुणी खालच्या ओठाच्या आत, कुणी गालाच्या कोपऱ्यात, कुणी हिरडीच्या कडेला. तोंडाच्या आतली त्वचा मऊ, ओली आणि गुलाबी असते. तिच्यावर रोज तंबाखू आणि चुना बसला की ती स्वतःला वाचवायला जाड होते. खुरपं धरून हाताला घट्टे पडतात ना, तसंच. फक्त तोंडातला घट्टा ओला राहतो, म्हणून तो पांढरा दिसतो. सुरुवातीला तो सुरकुतलेल्या सायीसारखा पातळ असतो. पुढं तो जाड, खरखरीत होऊ शकतो. तंबाखूनं आलेला, पुसला न जाणारा आणि दुसऱ्या कुठल्या आजाराचा नसलेला असा चट्टा असेल, तर डॉक्टर केसपेपरवर 'ल्युकोप्लाकिया' असं लिहितात. या नावाचा अर्थ पांढरा चट्टा एवढाच आहे, कॅन्सर असा नाही. पण असे काही चट्टे पुढं कॅन्सरकडं वळतात, आणि कुठला वळेल ते नुसत्या डोळ्यांनी खात्रीनं सांगता येत नाही.

तोंडात पांढरं दिसलं की दर वेळी तंबाखूचाच चट्टा असतो असंही नाही. बुरशीमुळं दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर येतो, विशेषतः साखरेचा आजार असणाऱ्यांना. तो ओल्या स्वच्छ फडक्यानं हलकं पुसला की निघतो, आणि खाली लालसर दिसतं. टोकदार दात रोज एकाच जागी घासत असेल तरी तिथं पांढरं होतं. म्हणून पहिली परीक्षा सोपी आहे. चूळ भरायची आणि फडक्यानं हलकं पुसायचं. निघालं तरी दवाखान्यात दाखवायचं, कारण बुरशीलाही औषध लागतं. निघालं नाही आणि माणूस तंबाखू, मशेरी किंवा सुपारी खाणारा असेल, तर ते दातांच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आता दुसरी खूण, तोंड आखडणं. याचं मूळ सुपारीत आहे. नगर, सोलापूर, सातारा भागात ज्याला मावा म्हणतात आणि विदर्भात खर्रा म्हणतात, त्यात सुपारीच जास्त असते. तंबाखू आणि चुना तिच्याबरोबर चोळलेला असतो. गुटख्यातही सुपारी असते. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आली, पण टपरीवर चोळून मिळणारा मावा तोंडात जातोच आहे. शिवाय त्याच्या पुडीवर ना इशारा छापलेला, ना चित्र.

सुपारीत अरेकोलीन नावाचं एक द्रव्य असतं. आपल्या त्वचेखाली बारीक धाग्यांचं जाळं असतं, त्यानंच जखम भरून येते. हे धागे शरीर रोज थोडे नवे विणतं आणि थोडे जुने विरघळवतं. अरेकोलीन शरीराला जास्त धागे विणायला लावतं. सुपारीत तांब्याचा अंशही बराच असतो. त्यानं ते धागे एकमेकांत घट्ट गुंततात आणि मग विरत नाहीत. वर्षानुवर्षं असं चाललं की रबरासारखा ताणणारा गाल आतून वाळल्या चामड्यासारखा होतो. गालात बोट घालून चाचपलं तर उभ्या दोऱ्या लागतात. या आजाराला 'ओरल सबम्युकस फायब्रोसिस' म्हणतात. केसपेपरवर बहुतेक वेळा 'ओएसएमएफ' एवढंच लिहिलेलं असतं.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. हे होण्यासाठी तंबाखू लागत नाही, नुसती सुपारी पुरते. 'माझा पोरगा तंबाखू खात नाही, गोड सुपारी खातो' असं आपण निर्धास्तपणे सांगतो, तिथंच चुकतं. सुपारी स्वतःच कॅन्सर करणारी आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली छापलेल्या अहवालात स्पष्ट सांगितलं आहे. पूजेतली सुपारी पूजेत राहू द्या, हळदीकुंकवाच्या ताटातही राहू द्या. लहान मुलांच्या हातात मात्र बडीशेपेबरोबर गोड सुपारी देऊ नका.

तोंड एका दिवसात आखडत नाही. आधी जळजळ सुरू होते. काल-परवापर्यंत ठेचा खाणारा माणूस साध्या आमटीलाही 'हाय हाय' करायला लागतो. तोंड कोरडं पडतं, कधी बारीक फोड येतात. आपण म्हणतो उष्णता झाली, पित्त झालं. मेडिकलमधून तोंड येण्याच्या गोळ्या आणतो, आणि महिना-दोन महिने तसेच जातात. मग गालाच्या आतला गुलाबी रंग उडून तिथं फिकट, संगमरवरासारखी छटा येते. पुढं शिट्टी वाजेना होते, फुगा फुगवता येत नाही, जीभ पुरती बाहेर येत नाही. माणूस भाकरीचा घास मोडण्याऐवजी कुस्करून, भिजवून खायला लागतो. वडापाव नको म्हणतो. घरात स्वयंपाक आपण करतो आणि वाढतो आपण, त्यामुळं हे बदल सगळ्यांत आधी आपल्याच नजरेला पडतात.

आता एका घरातली हकिकत सांगतो. नावं सांगत नाही, कारण त्यांनी सांगायला परवानगी दिली ती नाव न घेण्याच्या अटीवर. आमच्या एका गटातली पंचेचाळीस वर्षांची सभासद वीस वर्षांपासून दिवसातून दोनदा मशेरी लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि डबीत भरून ठेवायची. तिचा मुलगा बावीस वर्षांचा, टेम्पोवर कामाला. दिवसाला सात-आठ मावे, आणि तेही सोळाव्या वर्षापासून.

मासिक बैठकीत आम्ही तोंड बघण्याबद्दल बोललो, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या तोंडात काय नाही गं, पण पोराला तिखट बाधतंय. भाकरी दुधात कुस्करून मागतोय." आम्ही तिला घरी जाऊन मुलाची बोटं लावून बघायला सांगितलं. मुलाची स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जाईनात. दोन कशीबशी गेली. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या पट्टीनं मोजलं, तर वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर २८ मिलिमीटर भरलं. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडतं.

दोघंही ग्रामीण रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांकडं गेली. खरं तर ती मुलाला घेऊन गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, तुम्ही मशेरी लावता का? मग तुम्हीही बसा खुर्चीत." तिच्या खालच्या ओठाच्या आत, हिरडीच्या खोबणीत, रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा सुरकुतलेला चट्टा निघाला. तिला तो माहीतच नव्हता, कारण तिथं कधी दुखलं नव्हतं.

आधी तिचं काय झालं ते ऐका. चट्टा पातळ होता, त्यात कुठं लाल नव्हतं, जखम नव्हती, बोटाला कडक लागत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मशेरी पूर्ण बंद करा आणि पंधरा दिवसांनी दाखवा. पहिले चार दिवस तिचं डोकं दुखलं, चिडचिड झाली, सकाळी पोट साफ होईना. तिनं सकाळी कोमट पाणी घ्यायला सुरुवात केली आणि दात घासायला साधी पेस्ट आणली. पंधरा दिवसांनी चट्टा फिकट झाला होता. सहा आठवड्यांनी तिथली त्वचा जवळजवळ पहिल्यासारखी गुलाबी झाली. तंबाखू एकाच जागी धरून आलेले असे पातळ चट्टे, तंबाखू थांबली की बरेचदा काही आठवड्यांत जातात. तरीही डॉक्टरांनी तिला सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे.

चट्टा गेला नसता तर काय केलं असतं, तेही सांगतो, कारण भीती तिथंच असते. तेव्हा त्या जागेचा तुकडा काढून तपासायला पाठवतात. त्याला बायोप्सी म्हणतात. आधी दात काढताना देतात तसं बधिर करायचं इंजेक्शन देतात. मग डाळीच्या दाण्याएवढा तुकडा घेतात आणि लागला तर एखादा टाका घालतात. काही दिवस तिखट-गरम टाळायचं, एवढंच. 'तुकडा काढला की आजार पसरतो' असं गावात बोलतात, ते खरं नाही. आजार पसरतो तो न तपासता घरी बसल्यानं. आणि चट्टा लाल असेल, पांढऱ्यात लाल ठिपके असतील, जखम असेल किंवा बोटाला कडक लागत असेल, तर सोडून बघू म्हणत थांबायचं नसतं. असे चट्टे साध्या पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचे असतात, ते लगेच दाखवायचे.

आता मुलाचं ऐका. त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पुढच्या तपासणीला पाठवलं. तिथं गालात आणि ओठांच्या कडेला दोऱ्या लागल्या. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी निघालं, कारण तिखट बाधतं म्हणून तो नीट जेवतच नव्हता. मावा पूर्ण बंद करायला सांगितला, नुसती सुपारीसुद्धा. लोहाच्या आणि इतर गोळ्या दिल्या. गालाच्या आत आठवड्याला एक अशी काही आठवडे इंजेक्शनं दिली. आणि घरी करायला व्यायाम दिला. आइस्क्रीमच्या काड्या असतात तशा चपट्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दाढांमध्ये धरायच्या, काही वेळ तसंच राहायचं, आणि तोंड सैल होईल तशी एकेक काडी वाढवायची. दिवसातून चार-पाच वेळा. रोज.

त्यानं पहिल्या महिन्यात दोनदा मावा खाल्ला, मग मात्र सोडला. सहा महिन्यांनी त्याचं तोंड ३३ मिलिमीटर उघडायला लागलं. जळजळ पुष्कळ कमी झाली, भाकरी मोडून खाता येते. पण ते ४५ झालं नाही, आणि डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तसं होण्याची आशा धरू नका. एकदा घट्ट गुंतलेले धागे पुरते सुटत नाहीत. सुपारी सोडल्यानं पुढचं आखडणं थांबतं, उपचारानं थोडं सैल होतं, पण गेलेलं सगळं परत येत नाही. फारच आखडलं तर दोऱ्या शस्त्रक्रियेनं सोडवाव्या लागतात, आणि त्यानंतरही व्यायाम सोडला तर तोंड पुन्हा आखडतं.

म्हणजे एकाच घरात आईचा चट्टा सोडल्यावर गेला आणि मुलाचं आखडणं तिथंच राहिलं. चट्ट्याच्या बाबतीत लवकर बघितलं तर तो परत फिरायची संधी असते. आखडण्याच्या बाबतीत लवकर बघितलं तर जेवढं शिल्लक आहे तेवढं वाचतं. हाच मुलगा दोन वर्षं आधी, नुसती जळजळ होती तेव्हा गेला असता, तर त्याची तीन बोटं आजही आत गेली असती.

आणखी एक कारण आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. आखडलेल्या तोंडात पुढं कॅन्सर होऊ शकतो. केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात असं तोंड आखडलेल्या ६६ जणांकडं संशोधकांनी १७ वर्षांच्या काळात लक्ष ठेवलं. त्यातल्या पाच जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. सगळ्यांना होतो असं नाही, पण तेरा-चौदा माणसांमागं एक हेही थोडं नव्हे. आता विचार करा, ज्याचं तोंड एकच बोट उघडतं, त्याच्या मागच्या दाढेजवळ जखम झाली तर डॉक्टरांना ती दिसणार कशी? टॉर्च आत जात नाही, आरसा आत जात नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीची नळी घालणंही अवघड होतं. तोंड बंद होत जातं तसं तपासणीचं दारही बंद होत जातं. म्हणून तोंड उघडतं आहे तोवर बघायचं.

आपल्यासारख्या बायकांनी बघून काय होणार, असं वाटेल. केरळमध्येच तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. तेरा भाग निवडले. त्यातल्या सात भागांत घरोघर जाऊन लोकांची तोंडं बघितली, बाकी सहा भागांत नेहमीसारखंच चालू ठेवलं. तोंडं बघणारे डॉक्टर नव्हते. ते पदवीपर्यंत शिकलेले, आणि काय बघायचं ते शिकवलेले आरोग्य कार्यकर्ते होते. संशय आला की ते डॉक्टरांकडं पाठवायचे. २००५ साली निष्कर्ष छापले. जिथं तोंडं बघितली त्या भागांत, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले होते. त्यांना रीतसर शिकवलं होतं, आपल्याला तसं शिकवलेलं नाही, म्हणून आपण निदान करायचं नाही. पण बघायचं आणि पाठवायचं काम आपल्याला जमण्यासारखं आहे.

मग बघायचं कसं? दिवसाउजेडी दारात बसा, नाहीतर मोबाईलचा टॉर्च घ्या. साबणानं हात धुवा, तोंडात कवळी असली तर काढा आणि चूळ भरा. समोर आरसा धरा. आधी खालचा ओठ बाहेर वळवून आतली बाजू आणि हिरडीची खोबण बघा, मशेरीवाल्या बायकांत चट्टा पुष्कळदा तिथंच असतो. मग वरचा ओठ. मग एकेक गाल बोटानं बाहेर ओढून अगदी मागच्या दाढेपर्यंत बघा. जीभ बाहेर काढा, वरून बघा, टोक फडक्यानं धरून दोन्ही कडा बघा. जीभ टाळूला लावून तिच्या खाली बघा. शेवटी मान मागं टाकून टाळू बघा. सगळीकडं रंग सारखा गुलाबी आहे का, एवढंच शोधायचं. पांढरं, लाल, जखम, गाठ, यातलं काही दिसलं तर कुठं आहे ते लक्षात ठेवायचं. मग स्वच्छ बोट गालात आत घालून बाहेर अंगठा ठेवा आणि गाल चिमटीत धरून चाचपा. मऊ लागतो का दोरीसारखं काही लागतं, ते कळतं. हे सगळं पाच मिनिटांत होतं.

तोंड मोजायचं ते ज्याचं त्याच्याच बोटांनी. पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिका जोडून उभी धरायची आणि पुढच्या दातांमध्ये घालून बघायची. तिन्ही गेली तर ठीक. दोनच गेली तर दाखवायचं. एकच गेलं तर त्याच आठवड्यात दाखवायचं. मुलाचं तोंड आईच्या बोटांनी मोजू नका, माप चुकेल. ज्यांचे पुढचे दात पडलेत त्यांचंही हे माप खरं येत नाही, त्यांना डॉक्टरांकडंच मोजू द्या. पट्टीनं मोजलं तर आकडा तारखेसह एका कागदावर लिहून घरात ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा कमी झाला असेल तर तो कागद डॉक्टरांना दाखवा, त्यांना त्याचा फार उपयोग होतो. हे आकडे गटाच्या रजिस्टरमध्ये लिहू नका. लग्नाच्या मुलामुलींची गोष्ट असते, आणि ज्याचं तोंड त्याचाच कागद.

एक सावधगिरी. तोंड सुपारीशिवायही बंद होऊ शकतं. अक्कलदाढ सुजली, जबड्याचा सांधा दुखावला तरी उघडत नाही. पण एक-दोन दिवसांत अचानक जबडा घट्ट झाला, आणि ताप किंवा सूज असेल, किंवा आधी कुठं खिळा-पत्र्याची जखम झालेली असेल, तर ते धनुर्वातासारखं काहीही असू शकतं. तिथं पट्टी शोधत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा. सुपारीचं आखडणं महिन्या-वर्षांनी वाढतं, ते एका रात्रीत होत नाही.

आता कुठं जायचं? आशाताई तीस वर्षांवरच्या लोकांचा एक फॉर्म भरतात. त्यात तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत बरा न झालेला फोड किंवा चट्टा आहे का, असे प्रश्न असतात. आपण घाईत 'नाही, नाही' म्हणून मोकळ्या होतो. तिथं खरं उत्तर द्या, आणि उपकेंद्रात तोंडाची तपासणी असते तेव्हा जा. पण एक मेख लक्षात घ्या. ती यादी तीस वर्षांवरच्यांची आहे. मावा खाणारी आपली अठरा-वीस-बावीस वर्षांची पोरं तिच्यात येत नाहीत, आणि तोंड आखडायला सुरुवात बरेचदा त्याच वयात होते. त्यांना कुणी बोलवायला येणार नाही. त्यांना आपणच ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांकडं न्यायचं. जवळ दंत महाविद्यालय असेल तर तिथंही ही तपासणी होते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. पुढं कॅन्सर निघालाच, तर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात. रुग्णालयात पोचल्यावर आरोग्यमित्र कुठं बसतात ते आधी विचारा.

सोडण्यासाठी मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती फोनसेवा आहे, नंबर १८००-११-२३५६, फोन फुकट आहे. तंबाखूच्या पुडीवर हा नंबर छापलेला असतो, माव्याच्या पुडीवर नसतो, म्हणून तो इथं लिहून घ्या.

किती दिवस वाट बघायची, याचं उत्तर दोन आठवडे. तोंडातला कुठलाही चट्टा, फोड किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही तर दाखवायची, दुखत असो वा नसो. तिखट बाधणं महिनाभर चाललं आणि माणूस सुपारी खाणारा असेल, तर तीन बोटं जात असली तरी दाखवायचं, कारण तीच खरी लवकरची वेळ आहे.

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीनं एक छोटा आरसा आणा. बचतीचा हिशेब झाला की उजेडात बसू आणि आधी आपापली तोंडं बघू. मग घरी जाऊन ज्याला हल्ली ठेचा नको झालाय, त्याला तीन बोटं लावायला सांगू.